ट्रॅक्टर ऑइलसाठी घाऊक दराचे पत्र : एका विकास सोसायटीचे प्रकरण

सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातील नीरा उजव्या कालव्यालगतच्या एका गावात विविध कार्यकारी सहकारी सेवा संस्था आहे. गावकऱ्यांच्या बोलण्यात ती नुसती 'सोसायटी' असते. ऊस हे इथले मुख्य पीक असल्यामुळे गावात ट्रॅक्टर बरेच आहेत. काही घरच्या शेतापुरते चालतात, तर काही मशागत आणि ऊस वाहतुकीसाठी वर्षभर भाड्याने फिरतात. सभासदांना ट्रॅक्टरचे ऑइल घाऊक दराने मिळावे म्हणून सोसायटीच्या सचिवांनी २०२५ च्या उन्हाळ्यात शहरातील एका ऑइल विक्रेत्याला दोन पत्रे पाठवली. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही, दुसऱ्यावर व्यवहार झाला. या दोन पत्रांच्या मधल्या दीड महिन्यात सचिवांनी काय केले, ते या प्रकरणात मांडले आहे. मी स्वतः गटसचिव म्हणून निवृत्त झालो आहे. दुसऱ्या पत्राचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून तपासला, म्हणून हा तपशील मला जवळून माहीत आहे. गावाचे आणि व्यक्तींचे नाव इथे दिलेले नाही.

पहिले पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेले होते आणि ते जेमतेम सहा ओळींचे होते. आमच्या संस्थेचे अनेक सभासद ट्रॅक्टरधारक आहेत, ते मोठ्या प्रमाणावर ऑइल वापरतात, तरी आपण संस्थेच्या सभासदांना जास्तीत जास्त सवलत द्यावी ही विनंती, असा त्यातला मजकूर होता. भाषेत काही खोट नव्हती. पंधरा दिवस वाट पाहून सचिवांनी फोन केला, तेव्हा विक्रेते म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, पत्र मिळालं. पण किती माल, कुठला माल, कधी उचलणार, पैसे कोण देणार, यातलं काहीच त्यात नाही. मी दर कशावर काढू?" हा प्रश्न रास्त होता. विक्रेता स्वतः कंपनीकडून बहुधा आगाऊ पैसे भरून माल उचलतो आणि ठरावीक मुदतीत ठरावीक लिटर विकल्यास कंपनीकडून त्याला वाढीव सूट मिळते. त्यामुळे त्याच्या दृष्टीने 'अनेक सभासद' या शब्दांना काही किंमत नसते. अमुक इतके डबे, अमुक तारखेला, रोख पैशाने उचलले जातील, एवढे लिहून मिळाले की त्याला स्वतःच्या नफ्यातला काही भाग सोडता येतो. सचिवांनी ही गोष्ट मनावर घेतली आणि गावातल्या ट्रॅक्टरांची मोजणी सुरू केली.

सोसायटीच्या सभासदांपैकी ६१ जणांकडे ट्रॅक्टर होते. प्रत्येकाकडे एक छापील पान दिले गेले आणि ४६ जणांनी ते भरून परत केले. पानावर ट्रॅक्टरचे मॉडेल, खरेदीचे वर्ष, इंजिनात मावणारे ऑइल, ब्रेकचा प्रकार आणि वर्षाला चालणारे तास विचारले होते. शेवटच्या प्रश्नावर बहुतेकांचे घोडे अडले. ट्रॅक्टरचे ऑइल किलोमीटरवर नव्हे, तासांवर बदलतात, आणि ते तास दाखवणारे मीटर जुन्या ट्रॅक्टरांवर हमखास बंद पडलेले असते. सचिवांनी यावर सोपा मार्ग काढला. प्रत्येकाला वर्षाच्या डिझेलचा अंदाज विचारला आणि त्याला चाराने भागले. चाळीस ते पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर शेतातल्या कामाला तासाला साधारण तीन ते पाच लिटर डिझेल घेतो, म्हणून चार हा मधला आकडा धरला. वर्षाला दोन हजार लिटर डिझेल जाळणारा ट्रॅक्टर म्हणजे सुमारे ५०० तासांचा ट्रॅक्टर. हा हिशेब अचूक नसला तरी मागणी ठरवायला पुरेसा आहे, आणि शेतकऱ्याला डिझेलचा खर्च तोंडपाठ असल्यामुळे उत्तरही लगेच मिळते.

भरून आलेल्या ४६ पानांपैकी सात ट्रॅक्टर वॉरंटीत होते. ते सचिवांनी सुरुवातीलाच वगळले. वॉरंटीच्या मुदतीत सर्व्हिसिंग आणि ऑइल ट्रॅक्टर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच झालेले बरे, नाहीतर उद्या इंजिनात बिघाड निघाला तर वाद उभा राहतो. चारशे रुपये वाचवण्यासाठी सभासदाचा तो हक्क धोक्यात घालणे सोसायटीला शोभले नसते. उरलेल्या ३९ ट्रॅक्टरांपैकी ३० घरगुती कामाचे, वर्षाला सुमारे ५०० तासांचे होते आणि नऊ भाड्याचे, सुमारे हजार तासांचे. या ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेप्रमाणे इंजिन ऑइल २५० तासांनी बदलायचे. म्हणजे घरगुती ट्रॅक्टरला वर्षातून दोनदा आणि भाड्याच्या ट्रॅक्टरला चारदा, मिळून वर्षाला ९६ बदल्या झाल्या. एका वेळेला सरासरी साडेसात लिटर धरले की ७२० लिटर इंजिन ऑइल होते.

दुसरे ऑइल गिअरबॉक्सचे. या प्रकरणात सर्वांत जास्त काळजी याच ऑइलाची घ्यावी लागली. गावात त्याला सरसकट 'गिअर ऑइल' किंवा 'हायड्रॉलिक ऑइल' म्हणतात, आणि घोटाळा याच नावात दडलेला आहे. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक ट्रॅक्टरांना ऑइल ब्रेक असतात, म्हणजे ब्रेकच्या तबकड्या गिअरबॉक्सच्याच ऑइलात बुडालेल्या असतात आणि मागची लिफ्टही त्याच ऑइलावर चालते. एकाच ऑइलाने गिअरचे दाते सांभाळायचे, लिफ्टला दाब द्यायचा आणि ब्रेकच्या तबकड्यांना नेमकी पकडही द्यायची, अशी तिहेरी जबाबदारी त्याच्यावर असते. त्यासाठी खास 'वेट ब्रेक' ट्रान्समिशन ऑइल मिळते, डब्यावर बहुधा यूटीटीओ असे लिहिलेले असते. त्याऐवजी साधे ९० नंबरचे गिअर ऑइल भरले तर गिअरचे काही बिघडत नाही, पण ब्रेक दाबताना कर्कश आवाज येतो, पकड धक्क्याधक्क्याने बसते आणि थंडीतल्या सकाळी लिफ्ट जड उचलते. या गावातल्या एका सभासदाने रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडून असेच ऑइल भरून घेतले होते. उसाची भरलेली ट्रॉली उतारावरून आणताना ब्रेकचा आवाज मागच्या बैलगाडीपर्यंत ऐकू जायचा. त्याने दोनदा ब्रेक खोलून पाहिले, तबकड्या चांगल्या निघाल्या. दोष तबकड्यांचा नव्हताच.

म्हणून पानावरचा ब्रेकचा रकाना सचिवांनी सभासदाच्या सांगण्यावर सोडला नाही. गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीला सोबत घेऊन आणि पुस्तिका पाहून त्यांनी तो स्वतः पडताळला. ३९ पैकी ११ ट्रॅक्टर जुने, ड्राय ब्रेकचे निघाले. त्यांना वेगळे ऑइल लागते आणि तेही मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून ते घाऊक मागणीतून काढून टाकले. उरलेल्या २८ ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरांत हे ऑइल हजार तासांनी बदलायचे होते. भाड्याचे नऊही ट्रॅक्टर याच गटातले, त्यांना वर्षाला एकदा, आणि घरगुती १९ ट्रॅक्टरांना दोन वर्षांतून एकदा. वर्षाला सुमारे १८ बदल्या आणि दर वेळेला सुमारे ४५ लिटर, म्हणजे ८१० लिटर, किंवा वीस लिटरच्या ४० बादल्या.

हा सगळा हिशेब झाल्यावर सचिवांनी जो निर्णय घेतला तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पत्रात त्यांनी पूर्ण मागणी लिहिली नाही, तिच्या तीन चतुर्थांशच लिहिली. पान भरून देणारा प्रत्येक जण माल उचलतोच असे नाही. कोणी आधीच डबा आणून ठेवलेला असतो, कोणाचा ट्रॅक्टर मधल्या काळात विकला जातो. शंभर डब्यांचे लिहून साठ उचलले तर पुढच्या वर्षी त्या विक्रेत्याकडे तोंड वर करून जाता येत नाही. म्हणून ९६ च्या जागी ७२ डबे आणि ४० च्या जागी ३० बादल्या एवढीच हमी दिली गेली, आणि तीही दोन हप्त्यांत.

डब्याच्या आकाराबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण घाऊक खरेदी म्हटली की संचालक मंडळात कोणीतरी बॅरलचा विषय काढतोच. इथेही निघाला. २१० लिटरच्या बॅरलमध्ये लिटरमागचा दर सर्वांत कमी असतो हे खरे आहे. पण बॅरल घेतले की सोसायटीला ऑइल सुटे मोजून द्यावे लागते. त्यासाठी वैधमापन विभागाची शिक्का असलेली मापे लागतात, पंप लागतो, सांडलवंड होते, गोदामातली धूळ आणि पावसाळ्यातली ओल तोंड उघडलेल्या बॅरलमध्ये जाते, आणि शेवटच्या चाळीस लिटरांवर सभासदांचा विश्वास उरत नाही. उद्या एखाद्याचे इंजिन बसले तर ऑइलात भेसळ झाली होती की नाही, हे सोसायटीला कशावरून सिद्ध करता येणार? बॅरलचा प्रस्ताव अध्यक्षांनी या एकाच प्रश्नावर बाजूला ठेवला. वीस लिटरच्या बादलीचीही इंजिन ऑइलासाठी अडचण होती. साडेसातच्या दोन बदल्या झाल्या की पाच लिटर उरतात, ते चार-सहा महिने अर्धवट झाकणाखाली पडून राहतात आणि मग कशात तरी ओतले जातात. म्हणून इंजिन ऑइल साडेसात लिटरच्या बंद डब्यात मागायचे ठरले. ज्यांच्या इंजिनाला आठ-साडेआठ लिटर लागते, त्यांनी एक लिटरचा डबा वेगळा घ्यायचा. डबा कितीही लिटरचा असला तरी ऑइल भरताना मोजपट्टीवरची खूण पाहूनच थांबायचे, हे वाटपाच्या दिवशी प्रत्येकाला तोंडी सांगण्यात आले.

पत्र पाठवण्यापूर्वी आणखी एक काम होते. अशी खरेदी संस्थेच्या उपविधीत बसते का, ते पाहायचे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली सेवा संस्था ही प्रामुख्याने कर्जवाटपाची संस्था असते, पण शेतीला लागणारा माल सभासदांना पुरवण्याचे कलम बहुतेक उपविधींत पूर्वीपासून असते. २०२३ मध्ये केंद्राच्या सहकार मंत्रालयाने प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी जे आदर्श उपविधी पाठवले, त्यांत तर असे पंचवीसहून अधिक व्यवसाय खुले केले आहेत. या संस्थेच्या उपविधीत कलम होते, खत विक्रीमुळे वस्तू व सेवा कराची नोंदणीही होती. तरी १६ एप्रिलच्या सभेत स्वतंत्र ठराव घेतला, तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवायचे ठरले, आणि कोणत्याही संचालकाचा या विक्रेत्यांशी नात्याचा किंवा भागीदारीचा संबंध नाही, असे ठरावातच नोंदवून घेतले. शेवटचे वाक्य सचिवांच्या आग्रहाने आले. लेखापरीक्षणाच्या वेळी याच वाक्याचा आधार सापडतो, हे मी माझ्या नोकरीत पाहिले आहे.

२१ एप्रिलला गेलेले पत्र असे होते.

दिनांक : २१ एप्रिल २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ट्रॅक्टर ऑइल व वंगण विक्री केंद्र, फलटण

विषय : संस्थेच्या ट्रॅक्टरधारक सभासदांसाठी इंजिन ऑइल व ट्रान्समिशन ऑइलचे घाऊक दरपत्रक मिळणेबाबत.

संदर्भ : संस्थेच्या संचालक मंडळाच्या दि. १६ एप्रिल २०२५ च्या सभेतील ठराव.

महोदय,

आमच्या संस्थेने ट्रॅक्टरधारक सभासदांची वार्षिक गरज प्रत्यक्ष नोंदवून घेतली असून, त्यापैकी ज्या मालाची उचल निश्चितपणे करता येईल तेवढ्याच मालाची मागणी या पत्रात देत आहोत. आपण ज्या कंपनीचे अधिकृत विक्रेते आहात त्या कंपनीचे पुढील दोन प्रकारचे ऑइल आम्हांस हवे आहे. पहिले, डिझेल इंजिन ऑइल, श्रेणी १५डब्ल्यू-४०, दर्जा सीआय-४ किंवा त्याहून वरचा, साडेसात लिटरचे मूळ बंद डबे, एकूण ७२. दुसरे, ऑइल ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरांसाठीचे ट्रान्समिशन ऑइल, डब्यावर यूटीटीओ किंवा 'वेट ब्रेक' असा स्पष्ट उल्लेख असलेले, वीस लिटरच्या मूळ बंद बादल्या, एकूण ३०.

हा माल आम्ही दोन समान हप्त्यांत उचलू. पहिला हप्ता, म्हणजे ३६ डबे व १५ बादल्या, दि. २० मे २०२५ पर्यंत आणि दुसरा तितकाच हप्ता सप्टेंबर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. पहिल्या हप्त्यातील मालाची रक्कम सभासदांकडून आगाऊ जमा करून घेतली जाणार असून, माल संस्थेच्या गोदामात उतरवून तपासल्यानंतर त्याच दिवशी संस्थेच्या बँक खात्यातून आपल्या खात्यात एकरकमी जमा केली जाईल. उधारीची मागणी आम्ही करीत नाही, याची दर ठरवताना कृपया नोंद घ्यावी.

आज आपल्या दुकानात साडेसात लिटरचा डबा २,६०० रुपयांस व वीस लिटरची बादली ५,४०० रुपयांस मिळते. वरील प्रमाण, एकत्रित उचल व रोख भरणा विचारात घेता, डबा २,३०० रुपये व बादली ४,९०० रुपये या दराने मिळावी, अशी आमची विनंती आहे. हे दर १८ टक्के वस्तू व सेवा कर, गोदामापर्यंतची वाहतूक आणि उतराई यांसह समजावेत. आपण वेगळा दर देऊ इच्छित असल्यास तोही याच पद्धतीने, म्हणजे करासह व गोदामपोच, लिहून द्यावा, जेणेकरून आलेल्या दरपत्रकांची तुलना करता येईल. दुसऱ्या हप्त्यापूर्वी कंपनीने छापील किंमत बदलल्यास, छापील किमतीवर आपण पहिल्या हप्त्यास जितके टक्के सूट दिली असेल तितकीच सूट दुसऱ्या हप्त्यासही मिळावी.

प्रत्येक बिलावर ऑइलचे पूर्ण नाव, श्रेणी, डब्याचा आकार आणि बॅच क्रमांक नमूद असावा, आणि सूट त्याच बिलात दाखवावी. मागणीपेक्षा वेगळ्या श्रेणीचा, सील तुटलेला किंवा अठरा महिन्यांपूर्वी भरलेला माल स्वीकारला जाणार नाही व तो आपल्या खर्चाने परत न्यावा लागेल. मागणीएवढा माल आम्ही उचलला नाही, तर उरलेल्या मालावर आपण दुकानातील चालू दर आकारण्यास आमची हरकत राहणार नाही.

आपले दरपत्रक दि. ५ मे २०२५ पर्यंत संस्थेच्या कार्यालयात सीलबंद पोचावे, ही विनंती. प्रत्यक्ष चर्चेसाठी संस्थेचे अध्यक्ष व मी आपल्या सोयीच्या दिवशी येऊ.

आपला विश्वासू,
(सही व शिक्का)
सचिव

सोबत : ठरावाची प्रत, मागणीचा गोषवारा.

या पत्रातली दोन वाक्ये माझ्या मते सगळ्यांत जास्त कामाची ठरली. एक, उधारी नको असल्याचे स्पष्ट वाक्य. ग्रामीण भागातल्या विक्रेत्याचा बराचसा पैसा हंगामभर उधारीत अडकलेला असतो, ऊसबिल आल्यावर मोकळा होतो, आणि त्या अडकलेल्या पैशाची किंमत तो दरात धरतोच. ती धरू नका, असे त्याला उघड सांगावे लागते. दुसरे वाक्य, माल न उचलल्यास चालू दर लावण्याची मुभा. संस्था स्वतःवर बंधन घालून घेते आहे हे विक्रेत्याला दिसले, म्हणून त्याने पुढच्या मागण्या मनावर घेतल्या. सप्टेंबरअखेरची तारीखही विचार करून निवडली होती. रब्बीची मशागत आणि ऊस वाहतूक सुरू होण्याआधी ऑइल बदलायची वेळ तीच असते, आणि तिमाही संपत आल्यामुळे विक्रेत्यालाही कंपनीचे उद्दिष्ट गाठायला मोठी मागणी हवी असते.

५ मेपर्यंत तीन दरपत्रके आली. ती समोर ठेवल्यावर पत्रात एवढा तपशील का लिहिला, हे सगळ्या संचालकांना उमगले. एका दुकानदाराने डबा २,०८० रुपये लिहिला होता आणि खाली बारीक अक्षरात 'कर वेगळा'. करासह तो २,४५४ रुपये ४० पैसे होत होता, शिवाय वाहतूक वेगळी. दुसऱ्याचा दर करासह २,०५० होता आणि सभेत क्षणभर सगळ्यांचे डोळे तिकडे वळले. पण त्याने २०डब्ल्यू-४० श्रेणीचे, सीएफ-४ दर्जाचे ऑइल लिहिले होते. 'सी' नंतरचे अक्षर जसे पुढे सरकते तसा दर्जा नवा असतो. सीएफ-४ हा १९९० च्या सुमाराचा आणि सीआय-४ हा २००२ चा. जुन्या ट्रॅक्टरला ते ऑइल चालेलही, पण मागणीतल्या निम्म्याहून अधिक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत वरचा दर्जा सांगितला होता. दर्जा न लिहिता नुसते 'चांगल्या कंपनीचे इंजिन ऑइल' मागितले असते, तर हा दर सर्वांत कमी म्हणून मंजूर झाला असता आणि त्यात कोणाचीच चूक दाखवता आली नसती.

ज्याला मूळ पत्र लिहिले होते त्याच विक्रेत्याचा देकार मागणीप्रमाणे नेमका होता. डबा २,४०० आणि बादली ५,०५०. अध्यक्ष व सचिव दुकानात जाऊन बसले. विक्रेते म्हणाले, "अण्णा, तेवीसशेला मला परवडत नाही, पण दोन्ही मालांवर छापील किमतीच्या वीस टक्के खाली देतो. तुमची गाडी आणू नका, माझ्याच टेम्पोतून पाठवतो." डब्याची छापील किंमत २,९०० आणि बादलीची ६,२०० होती. त्यानुसार डबा २,३२० आणि बादली ४,९६० रुपयांना पडली, करासह आणि गोदामपोच. टक्क्यांत ठरल्यामुळे दुसऱ्या हप्त्याचा प्रश्न आपोआप मिटला. सचिवांनी ही बोलणी तोंडी ठेवली नाहीत. संध्याकाळी कार्यालयात येऊन पुष्टीपत्र लिहिले आणि त्याच्या प्रतीवर विक्रेत्याची सही घेतली.

पहिल्या हप्त्याचे बिल १,५७,९२० रुपयांचे झाले. राज्यातल्या राज्यात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागत असल्यामुळे टेम्पोसोबत तेही आले. माल उतरवताना सचिव आणि मिस्त्री दोघेही वही घेऊन उभे होते. प्रत्येक डब्याचा बॅच क्रमांक आणि भरल्याची तारीख टिपली, झाकणाखालचे सील आणि कडी पाहिली, फोटो काढले. बादल्या मोजताना मिस्त्रीने चार बाजूला काढल्या. रंग तोच, कंपनी तीच, आकारही तोच, पण त्यांवर ६८ नंबरचे साधे हायड्रॉलिक ऑइल असे लिहिले होते. ते जेसीबीसारख्या यंत्रांच्या हायड्रॉलिकला चालते, ऑइल ब्रेकच्या गिअरबॉक्समध्ये नाही. बिलात मात्र पंधराही बादल्या ट्रान्समिशन ऑइलच्याच दाखवल्या होत्या. दुकानातल्या मुलाने एकाच रंगाच्या थप्पीतून उचलल्याने ही चूक झाली असावी. चारही बादल्या त्याच टेम्पोने परत गेल्या, दुसऱ्या दिवशी बदलून आल्या, आणि पैसे सगळा माल पूर्ण झाल्यावरच, म्हणजे एक दिवस उशिरा, भरले गेले. पत्रात 'तपासल्यानंतर' हा शब्द नसता तर तो एक दिवस वादाचा झाला असता.

वाटप दोन दिवसांत झाले. गोदामाचा आणि पावत्यांचा खर्च म्हणून संस्थेने डब्यामागे ३० आणि बादलीमागे ६० रुपये, करासहित, लावले. म्हणजे सभासदाला डबा २,३५० आणि बादली ५,०२० रुपयांना पडली. दुकानाच्या दराशी तुलना करता डब्यामागे २५० आणि बादलीमागे ३८० रुपये वाचले. सगळ्या सभासदांचे मिळून ती रक्कम १४,७०० रुपये होते. घरच्या कामाचा ट्रॅक्टर असलेल्या सभासदाला इंजिन ऑइलावर वर्षाला पाचशे रुपयेच वाचतात, ही रक्कम फार मोठी नाही आणि सचिवांनी ती मोठी करून कोणाला सांगितलीही नाही. भाड्याचा ट्रॅक्टर चालवणाऱ्याला मात्र दोन्ही ऑइल धरून सुमारे अठराशे रुपयांचा फरक पडतो. पण माझ्या मते खरा लाभ दुसराच आहे. २८ ट्रॅक्टरांच्या मालकांना आपल्या गिअरबॉक्समध्ये कोणते ऑइल लागते हे लेखी मिळाले. पावतीच्या मागे ट्रॅक्टरचे मॉडेल, ऑइलचे नाव आणि पुढच्या बदलीचे तास लिहून देण्याची पद्धत सचिवांनी पाडली आहे.

रिकाम्या डब्यांचाही एक नियम झाला. बंद डब्याचा विश्वास असतो म्हणून भंगारात गेलेले चांगल्या कंपनीचे डबे पुन्हा भरून विकण्याचे प्रकार होतात. म्हणून पुढच्या हप्त्याचा माल नेताना जुना डबा गोदामात दाखवायचा आणि तिथेच त्याला खिळ्याने भोक पाडायचे. त्याशिवाय, प्रत्येक बॅचचा एक एक लिटरचा डबा सचिवांनी स्वतःच्या नावे विकत घेऊन सील न तोडता कपाटात ठेवला आहे. कोणाची तक्रार आलीच तर तपासायला नमुना हाताशी असावा, एवढ्यासाठी.

सप्टेंबरच्या हप्त्यासाठी ६६ डब्यांची नावे ऑगस्टमध्येच आली, ठरलेल्या ३६ पेक्षा ती कितीतरी जास्त होती. पहिल्या वेळी पान भरून न देणाऱ्या पंधरा जणांपैकी नऊ जण त्यांत होते. सचिवांनी विक्रेत्याला वाढीव मागणीचे पत्र लिहिले, त्याच टक्क्यांची आठवण दिली, आणि त्यात एक नवी ओळ घातली : बादल्या टेम्पोत चढवण्यापूर्वी दुकानातच आमच्या माणसाला दाखवाव्यात.